इंटरलीव्हिंगमध्ये जिंकलेली क्रमवारी

शोधनिकालांची नवी क्रमवारी जुनीपेक्षा सरस आहे का, हे तपासण्याच्या इंटरलीव्हिंग या पद्धतीबद्दल असा दावा केला जातो: "इंटरलीव्हिंगला ए/बी चाचणीच्या मानाने फारच थोडे ट्रॅफिक पुरते. दोन्ही क्रमवारींना समान संधी मिळत असल्यामुळे निकालही निःपक्षपाती असतो. तेव्हा रँकिंगच्या बदलांसाठी ए/बी चाचणीची गरजच उरलेली नाही."

पहिले विधान मान्य आहे. ए/बी चाचणीत निम्म्या लोकांना जुनी क्रमवारी दिसते आणि निम्म्यांना नवी, आणि माणसामाणसांच्या सवयींतली तफावत इतकी मोठी असते की रँकिंगमधला लहानसा फरक तीत बुडून जातो. इंटरलीव्हिंगमध्ये एकाच माणसाला, एकाच शोधासाठी, दोन्हींचे निकाल मिसळलेली एकच यादी दिसते, आणि त्याच्या क्लिकांचे श्रेय कोणत्या क्रमवारीला जास्त मिळते यावरून विजेती ठरते. 2008 मध्ये रॅडलिन्स्की, कुरुप आणि योआखिम्स या संशोधकांनी arXiv.org या शोधनिबंधांच्या संग्रहाच्या शोधसुविधेवर मुद्दाम बिघडवलेल्या क्रमवारी लावल्या, तेव्हा प्रत्येकीच्या स्वतंत्र क्लिक-आकड्यांवरून कमअस्सल कोणती हे भरवशाने सांगता आले नाही. इंटरलीव्हिंगने ते सांगितले.

निःपक्षपातीपणा मात्र मिसळण्याच्या आणि श्रेय देण्याच्या पद्धतीवर ठरतो. जुन्या क्रमवारीत क, ख, ग, घ असा क्रम आहे आणि नव्या क्रमवारीने फक्त 'क' तळाला नेऊन ख, ग, घ, क असा केला आहे, असे धरा. 'बॅलन्स्ड' पद्धतीत ज्या क्रमवारीने क्लिक झालेला निकाल वर ठेवला, तिला श्रेय मिळते. आता काहीही न वाचता कुठेही सारख्याच शक्यतेने एक क्लिक करणारा माणूस आला, तर 'क'वरच्या क्लिकने जुनी जिंकते आणि उरलेल्या तिन्हींवर नवी. म्हणजे काहीही न पारखणाऱ्या क्लिकांतून नवीला चारपैकी तीन विजय मिळतात.

यावर 'टीम ड्राफ्ट' हा उपाय आहे: प्रत्येक फेरीत नाणेफेक करून दोन्ही क्रमवारी आळीपाळीने आपला सर्वांत वरचा शिल्लक निकाल निवडतात आणि क्लिकचे श्रेय तो निकाल निवडणाऱ्या क्रमवारीला जाते. त्यालाही आंधळा कोपरा आहेच. जुनी क, ख, ग. नवी ख, ग, क. आणि उपयोगाचा निकाल फक्त 'ग'. नवीने तो तिसऱ्यावरून दुसऱ्या जागी आणला, ही खरी सुधारणा आहे. पण पहिल्या फेरीत 'क' आणि 'ख' उचलले जातात, 'ग' नेहमीच तिसऱ्या जागी येतो, आणि तो कोणाच्या वाट्याला जाईल हे नाणेफेक ठरवते. कितीही ट्रॅफिक दिले तरी निकाल बरोबरीचाच! म्हणून बरोबरी आली की दोन्ही याद्यांत उपयोगाचे निकाल केवळ एकेक जागा सरकले आहेत का, हे आधी तपासावे.

तिसरे विधान तर मापनाचा विषयच विसरते. मिश्र यादी बनवताना दोन्ही क्रमवारी चालवाव्याच लागतात, त्यामुळे नवीचा संथपणा दोघींच्या माथी सारखाच बसतो आणि निकालात दिसत नाही. निकालाखालच्या उताऱ्यातच उत्तर मिळून माणूस क्लिक न करता गेला, तर कोणालाच श्रेय नाही. तो पुढच्या आठवड्यात परत येतो का, हेही कळत नाही, कारण त्याने एकटी नवी क्रमवारी कधी वापरलेलीच नसते. या तिन्ही गोष्टी मोजायला वापरकर्त्यांची विभागणी करून, काही आठवडे चालवलेली ए/बी चाचणीच लागते. इंटरलीव्हिंगने तिच्याआधी अनेक बदलांतले दोन-तीन निवडून द्यावेत.