काकांचं पाऊल आणि माझा गोल जिना

कालच्या संध्याकाळचा राग अजून उतरलेला नाहीये म्हणून लिहितोय.

क्लायंटला गोल जिना हवा होता, मधे पाइपचा खांब आणि भोवती पायऱ्या. मी राइनो ह्या थ्रीडी सॉफ्टवेअरमधे पायथनची छोटी स्क्रिप्ट लिहिली, राइज म्हणजे एका उठावाची उंची, रन म्हणजे पायरीवर पाय ठेवायची जागा, आणि रेडियस विचारते आणि जिना काढून देते. मजल्याची उंची ३०६० मिमी, राइज १७०, म्हणजे बरोब्बर १८ उठाव. रन २५०, बाहेरची त्रिज्या ९००. एंटर दाबलं की फिरत फिरत वर जाणारा जिना, स्वतःलाच दृष्ट काढावीशी वाटली. (पहिल्या रात्री run / radius हे आधीच रेडियनमधे येतं हे विसरून मी त्याला वर अजून math.radians लावलं होतं, तेव्हा सगळ्या पायऱ्या पत्त्यांच्या कॅटसारख्या एकावर एक बसल्या. ते कोणाला सांगितलेलं नाही.)

तर क्लायंट आले, सोबत त्यांचे काका. काका कुठून रिटायर झाले ते कळलं नाही पण अजून कामावर असल्यासारखेच आले. माझी खुर्ची ओढून बसले आणि स्क्रीनला बोट लावून पायऱ्या मोजायला लागले, प्रत्येक पायरीवर एक तेलकट ठिपका.

"सतरा."
"हो काका, सतरा पायऱ्या. अठरावा उठाव थेट स्लॅबवर."
"म्हणजे अठरा."
"पायऱ्या सतरा, उठाव अठरा."
"अरे पण पाय किती वेळा उचलणार मी?"
"अठरा वेळा."
"मग सम झाले ना! विषम पाहिजेत."

आता ह्यावर काय बोलणार. ३०६० ला १७ ने भागलं तर १८० येतात, चढायला जरा उंच पण चालण्यासारखं. केलं. मग काका म्हणाले जिना प्रदक्षिणेसारखा वर गेला पाहिजे, खांब उजव्या हाताला. राइनोत कोन वाढतो तो घड्याळाच्या उलट, त्यामुळे माझा जिना अप्रदक्षिणा घालत होता. एक उणे चिन्ह टाकलं, झालं. काकांना वाटलं आता मी आठवडाभर बसणार, तीन सेकंदांत झालेलं बघून त्यांचा माझ्यावरचा विश्वास उडाला.

"इतकं सोपं असतं तर पैसे कशाचे घेता?"

हे क्लायंटसमोर. बरं, बिल अजून निघायचंय.

आणि मग काकांनी माझ्या टेबलावरचा खडू घेतला, विचारलं नाही, सरळ जमिनीवर बसून एक पायरी फुल साइज काढायला सांगितली. मी काढली. काका चपलेसकट उभे राहिले, भिंतीला चिकटून नाही, माणूस चालतो तिथे, खांबापासून साधारण ६०० वर. अर्धी टाच रेषेच्या बाहेर.

"इथून मी पडणार."

मी टेप लावला. १६७. स्क्रिप्टमधे मी २५० टाकलेत, राइनोत बाहेरच्या कडेला मापलं तरी २५० च दाखवतंय, आणि इथे १६७! मग डोक्यात प्रकाश पडला. रन कुठे मोजायचा हे मी स्क्रिप्टला सांगितलंच नव्हतं, तिने तो सगळ्यात बाहेरच्या कडेला मोजला, जिथे फक्त कठडा चालतो, माणूस नाही. पायरी पाचरीसारखी, मधे जाईल तशी निमुळती, ९०० वर २५० म्हणजे ६०० वर १६७ च उरणार. काकांना पायाने कळलं ते मला दोन दिवस कळलं नव्हतं.

```python
# आधी
step = run / radius
# आता, उणे काकांचं
step = -run / (radius * 2 / 3.0)
```

एक ओळ बदलली पण त्या एका ओळीत एक पायरी १५.९ अंशांवरून २३.९ अंशांवर गेली. सोळा पायऱ्यांचा (हो, १७ उठाव म्हणजे १६ पायऱ्या, हे काकांना सांगितलेलं नाही) जिना आधी २५५ अंशांत संपत होता तो आता ३८२ घेतो, म्हणजे पूर्ण फेरी मारून वर अजून थोडा. डोकं आपटत नाही, एका फेरीत २७०० मिमी चढतो. पण वरचं दार हलत नाही, म्हणून खालची सुरुवात हलवावी लागली आणि ती आता थेट वॉशबेसिनसमोर आलीये. ते प्लंबरशी मीच बोलायचं. फुकट.

काका खूश. निघताना पुतण्याला म्हणाले, "मुलगा हुशार आहे, फक्त बघून घ्यावं लागतं." दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

"एक राहिलं. कठडा चढताना उजव्या हाताला घे हं, माझा डावा खांदा दुखतो."

उजव्या हाताला खांब आहे काका. प्रदक्षिणा.

"मग?"

उणे काढतोय.