सहा किलो वाढले, पण कुठे?

«वयात येताना वर्षात पाच-सहा किलो वाढले म्हणजे मुलगी जाड व्हायला लागली. तेव्हाच रात्रीचं जेवण बंद केलं नाही, तर ते वजन आयुष्यभर उतरत नाही. शंका असेल तर बीएमआय काढून बघा.»

असा सल्ला कानावर येतो. चला, बीएमआयच काढू, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागू. समजा, अकराव्या वाढदिवसाला मुलीची उंची १४२ सेंटिमीटर, वजन ३४ किलो; बाराव्याला १४९ आणि ४०. काट्यावर सहा किलो जास्त. बीएमआय मात्र १६.९ वरून जेमतेम १८ वर गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात बारा वर्षांच्या मुलींचा मधला आकडाच १८ आहे. गंमत म्हणजे मोठ्यांचा निकष लावला, तर १८.५ च्या खाली म्हणून हीच मुलगी 'कमी वजनाची' ठरते! म्हणूनच या वयात एकटा आकडा बघायचा नाही. वय आणि मुलगा-मुलगी यांनुसार बनवलेल्या तक्त्यावर ती कोणत्या रेषेजवळून चालली आहे, ते बघायचं.

मांड्या आणि कंबरेखालचा भाग भरतो, तो इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे. हाडं, स्नायू, रक्त सगळंच वाढतं. मुलींमध्ये चरबीचं प्रमाणही वाढतं आणि ते वाढायलाच हवं. शिवाय उंचीचा वेग आधी शिगेला पोचतो, वजनाचा साधारण सहा महिन्यांनी. त्या मधल्या काळात जुनी पँट आधी आखूड होते, मग मांडीत घट्ट. आरशासमोर रडू येतं ते बहुधा याच दिवसांत. मुलांचं वेगळं: उंची-वजन बरोबरीने झेपावतात, आणि बऱ्याच जणांच्या स्तनाग्रामागे दुखरी गाठ येते. ती चरबी नसते, बहुतेकांची वर्ष-दोन वर्षांत विरते. त्यासाठी जोर मारत बसायची गरज नाही.

राहिलं रात्रीचं जेवण. हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. हाडांचा मोठा साठा याच काही वर्षांत जमतो. पोटाला चिमटा घेतला की उंची रेंगाळते, सुरू झालेली पाळी थांबू शकते, आणि उपाशी राहिलेलं मूल पुढे कधीतरी डब्यावर तुटून पडतं. मग पुन्हा अपराधी वाटणं, पुन्हा उपास.

म्हणजे कुठलंही वजन चालतं, असं नव्हे. वजन वाढतंय पण उंची थांबली आहे, तक्त्यावरची रेषा भराभर वर चढतेय, मानेची कातडी काळपट आणि मखमलीसारखी जाड झाली आहे, मुलीत आठ किंवा मुलात नऊ वर्षांच्या आधीच वयात येण्याचे बदल दिसताहेत, किंवा उलट वजन घटतंय आणि तीन महिने पाळी नाही, तर डॉक्टरांकडे जा. जाताना मागच्या दोन-तीन वर्षांच्या उंची-वजनाच्या नोंदी न्या.