किरमिजी रंगात किडा असतो का? १२० मध्ये असतो, १२४ मध्ये नसतो

लाल रंगाच्या खाण्यात किडे असतात, असा मेसेज दर काही महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतो. त्याखाली दोन प्रकारची माणसं भांडतात. एक म्हणतात सगळ्या लाल गोळ्या-बिस्किटांत किडे आहेत, दुसरे म्हणतात ही निव्वळ अफवा. दोघंही चुकतात. कार्माइन नावाचा रंग खरोखर किड्यापासूनच बनतो. पण पाकिटावर रंगाच्या नावाऐवजी छापलेले जे आकडे त्या मेसेजांमध्ये फिरतात, त्यातले बरेच भलत्याच रंगांचे असतात.

आधी किड्याबद्दल. त्याचं नाव कोचिनील. फड्या निवडुंगाच्या पानांना चिकटून रस शोषणारा हा बारीक किडा मूळचा अमेरिका खंडातला. आज सर्वात जास्त उत्पादन पेरू देशात होतं. रंगासाठी फक्त माद्या गोळा करतात, कारण माद्याच पानाला चिकटून वाढतात आणि कार्मिनिक आम्ल त्यांच्या अंगात साठतं. पानावरून खरवडून काढलेल्या माद्या उन्हात किंवा गरम पाण्याने, वाफेने मारतात आणि वाळवतात. वाळलेल्या किड्याच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा हे आम्ल असतं. किड्यांची पूड पाण्यात उकळून गाळायची आणि त्या पाण्यात तुरटीसारखे ॲल्युमिनियमचे क्षार घालायचे, की रंग साका होऊन तळाशी बसतो. तो वाळवला की कार्माइन तयार.

गंमत म्हणजे आपल्या भाषेने हे कधी लपवलंच नव्हतं. 'किरमिजी' हा शब्द फारसी-अरबीतून आला. त्याच्या मुळाशी असलेला 'किर्म' म्हणजे किडा, आपल्या 'कृमी'चा चुलतभाऊ. 'कार्माइन' हाही त्याच घराण्यातला. पूर्वीचा अळताही लाखेच्या किड्याच्याच रंगाचा असे.

प्रमाण किती, हा पुढचा प्रश्न. एक किलो वाळलेल्या मालात साधारण दीड लाख किडे भरतात, म्हणजे एक किडा सुमारे साडेसहा मिलीग्रॅमचा आणि त्यात रंगद्रव्य एक मिलीग्रॅमहून थोडंसं जास्त. समजा गुलाबी दह्याच्या १०० ग्रॅमच्या कपात अडीच मिलीग्रॅम रंगद्रव्य पडलं, तर हिशेब दोन किड्यांचा झाला. अर्थात कपात पाय-पंख तरंगत नसतात, गाळलेला रंग असतो. पण 'इतकंसं तर आहे' हा युक्तिवाद शाकाहारी माणसापुढे चालत नाही, आणि चालूही नये.

मग कंपन्या बीट का वापरत नाहीत? वापरतात, पण बीटचा रंग उष्णतेने तपकिरी पडतो. जांभूळ-द्राक्षासारख्या फळांचा रंग आंबट पदार्थात लाल दिसतो, आंबटपणा कमी झाला की जांभळट-निळसर होतो. त्यामुळे दुधात तो फसतो. कार्माइन उष्णता आणि उजेड दोन्ही सोसतं आणि दुधात सुंदर गुलाबी दिसतं. खूप आंबट सरबतात मात्र साधं कार्माइन साक्यासारखं खाली बसतं. म्हणून संशय घ्यायचाच तर आधी स्ट्रॉबेरी दही, गुलाबी दूध, आइस्क्रीम, केकवरचे रंगीत दाणे आणि सॉसेजवर घ्या. लाल सरबतावर नंतर.

आता लेबल. 'घटक' या शब्दाखाली 'रंग' शोधा. त्यापुढे यापैकी काहीही असलं तरी ते किड्याचंच: कार्माइन, कोचिनील, कार्मिनिक ॲसिड, नॅचरल रेड ४, ई १२० किंवा आयएनएस १२०. ई हे युरोपचं लेबल, आयएनएस आपल्याकडचं, आकडा एकच. सौंदर्यप्रसाधनांवर हाच रंग सीआय ७५४७० म्हणून लिहितात.

खरा घोळ इथून सुरू होतो. १२४ क्रमांकाच्या पोन्सो ४आर या रंगाचं दुसरं नाव 'कोचिनील रेड ए' आहे. नावात कोचिनील, पण आत किडा नाही. तो कारखान्यात बनणारा कृत्रिम रंग. १२२ म्हणजे कार्मोइसिन. कार्माइनसारखं ऐकू येतं, पण तोही कृत्रिम. आणि १३२ म्हणजे इंडिगो कार्मिन, तो तर चक्क निळा! आपल्याकडच्या लाल गोळ्या, जेली, क्रीम बिस्किटांवर तुम्हाला १२२ आणि १२४ वारंवार दिसतील. कृत्रिम रंग टाळायचे असतील तर तो वेगळा मुद्दा आहे, त्यात किडा कोंबू नका.

उलट फसगत 'नैसर्गिक रंग' या शब्दांनी होते. हे शब्द वाचून लोक बिनधास्त होतात. पण किडा नैसर्गिकच की! 'कृत्रिम रंग (१२२)' लिहिलेल्या बिस्किटात किडा नाही, आणि 'नैसर्गिक रंग (१२०)' लिहिलेल्या दह्यात आहे. विशेषण सोडा, आकडा वाचा. १६२ असेल तर बीट.

भारतात विकल्या जाणाऱ्या पाकिटावर आणखी एक सोय आहे. एफएसएसएआयच्या नियमात मांसाहारी अन्नाच्या व्याख्येत 'कीटक' हा शब्द स्पष्ट आहे. म्हणजे १२० घातलेल्या पदार्थावर हिरवा ठिपका बसत नाही, तपकिरी चौकोनातला तपकिरी त्रिकोण हवा. प्रमाण कितीही कमी असलं तरी सूट नाही, हे डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही बजावलं. एकाच पाकिटावर १२० आणि हिरवा ठिपका दिसला तर ती लेबलची चूक आहे, तक्रार करा. मात्र लाख, म्हणजे ९०४ क्रमांकाची चकाकी, त्या व्याख्येतून वगळलेली आहे. किड्याच्याच लाखेने चमकवलेली गोळी हिरव्या ठिपक्यासह विकता येते. हा अपवाद आम्हाला पटत नाही, पण नियम तसा आहे. काटेकोर पाळणाऱ्यांनी तो आकडाही बघावा.

घरी सर्वात जास्त चुकतं ते परदेशातून आलेल्या खाऊत. मावशीने लंडनहून किंवा दुबईहून आणलेल्या पाकिटावर आपला ठिपका नसतोच. तिथे घटकांची यादीच वाचावी लागते. एक नमुना घ्या: 'साखर, ग्लुकोज सिरप, रंगीत दाणे (साखर, स्टार्च, रंग: ई १०० आणि ई १२०), वनस्पती तेल'. बघा, १२० कंसात लपला आहे, कारण दाणे हा स्वतःच एक तयार घटक आहे. यादी वाचताना लोक नेमका कंसच सोडतात. अमेरिकेचं पाकीट असेल तर आकडा शोधूच नका, तिथे ५ जानेवारी २०११ पासून 'कार्माइन' किंवा 'कोचिनील एक्स्ट्रॅक्ट' हे नाव लिहिणं सक्तीचं आहे. हा नियम शाकाहारासाठी आलेला नाही, ॲलर्जीसाठी आला. काही थोड्या लोकांना या रंगाने पित्त उठतं, क्वचित श्वास कोंडण्यापर्यंत मजल जाते. लाल-गुलाबी खाल्ल्यावर असं झालं असेल तर पाकीट फेकू नका, डॉक्टरांना दाखवा.

खायचा सोडा घालून रंग ओळखण्याचे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. सोड्याने फळांचा रंग निळसर होतो हे खरं, पण कार्माइनही जांभळट होतं, आणि मिसळलेल्या रंगांत काहीच कळत नाही. सुट्या मिठाईला आणि ऑर्डरच्या केकला तर लेबलच नसतं. तिथे 'व्हेज आहे ना?' विचारून उपयोग नाही, विकणाऱ्यालाही माहीत नसतं. रंगाची बाटली दाखवा म्हणा. बाटलीच्या मागे आकडा असतो.