16 जीबी रॅम पुरे की 32 हवी: एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: "लेख वाचला, पटला नाही. माझ्या लॅपटॉपमध्ये 16 जीबीची एकच स्टिक होती. मागच्या आठवड्यात आणखी 16 ची टाकली. आधी 10 जीबी वापरात दिसायची, आता तीच कामं करताना 14 दिसते. म्हणजे आधी कमीच पडत होती ना? वेगळं ग्राफिक्स कार्ड नसूनही गेम आता सरळसरळ स्मूद चालतो. 'सामान्य माणसाला 16 पुरे' हे तुम्ही कशाच्या जोरावर लिहिता?"

नमस्कार,

गेम स्मूद झाला हे मी शंभर टक्के मान्य करतो. तो तुमच्या मनाचा खेळ नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की तो 32 मुळे झालेला नाही, दुसऱ्या स्टिकमुळे झालाय. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि मूळ लेखात मी त्यांची फोड केली नाही, ही चूक माझी. त्यामुळे उत्तर जरा सविस्तर देतो.

आधी तो 10 चा 14 कसा झाला ते बघू. रिकाम्या बाकावर दोघं जण बसले तर ऐसपैस बसतात, बाजूला पिशवीही ठेवतात. तिसरा-चौथा आला की पिशवी मांडीवर येते आणि सगळे सरकून घेतात. कुणाचं काही अडत नाही. ऐसपैस बसलेल्या दोघांना बघून "हा बाक दोघांनाच पुरतो" असं आपण म्हणत नाही. रॅमच्या बाबतीत मात्र नेमकं तेच म्हणतो.

विंडोज आणि ब्राऊजर, दोघंही जागा बघून पसरतात. भरपूर रॅम मोकळी असेल तर विंडोज पडून असलेल्या प्रोग्रॅमची पानं, म्हणजे रॅममध्ये ठेवलेले त्यांचे छोटे तुकडे, आवरायला जात नाही. ब्राऊजर तासाभरापूर्वीची टॅब जिवंत ठेवतो. जागा कमी झाली की विंडोज सध्या न लागणारी पानं रॅममध्येच दाबून लहान करतं, ब्राऊजर जुन्या टॅब मिटवून टाकतो. म्हणून "तीच कामं" करताना 16 च्या मशीनवर 10 दिसणं आणि 32 च्या मशीनवर 14 दिसणं यात विसंगती काहीच नाही. जादाचे चार जीबी आधी अडून बसले नव्हते. आता मोकळं मैदान मिळालं म्हणून पसरले, इतकंच. आणि आधी 16 पैकी 10 च वापरात होते, म्हणजे त्याही वेळी पाच-सहा जीबी शिल्लकच होते.

मग कमी पडतेय हे ओळखायचं कसं? टक्केवारीवरून नाही. एकच प्रश्न विचारायचा: मशीनला लागणारी गोष्ट रॅममध्ये सापडतेय, की ती परत परत डिस्कवरून उचलून आणावी लागतेय? रॅममधून काही वाचायला ढोबळमानाने 100 नॅनोसेकंद लागतात. चांगल्या एसएसडीवरून आणायला 100 मायक्रोसेकंदांच्या आसपास, म्हणजे हजारपट. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवरून आणायचं तर 10 मिलिसेकंद, म्हणजे लाखपट. रॅम कमी पडल्याचा त्रास होतो तो या फेऱ्यांमुळे. फेऱ्याच होत नसतील तर जादा रॅम वाचवणार काय?

या फेऱ्या डोळ्यांनी बघता येतात. स्टार्ट मेन्यूत `resmon` टाइप करा आणि उघडलेल्या खिडकीत Memory टॅबवर जा. उजवीकडे Hard Faults/sec नावाचा आलेख असतो. नाव भीतीदायक आहे, पण यात बिघाड वगैरे काही नसतो. हवं असलेलं पान रॅममध्ये नव्हतं, डिस्कवरून आणावं लागलं, एवढाच त्याचा अर्थ. नवीन प्रोग्रॅम उघडला की हा आलेख उसळतोच, कारण प्रोग्रॅम पहिल्यांदा डिस्कवरूनच यायचा असतो. त्या उसळीकडे दुर्लक्ष करा. सगळं आधीच उघडलेलं आहे, तुम्ही फक्त या खिडकीतून त्या खिडकीत जाताय, आणि तरी दर वेळी आलेख शेकड्यांत चढतोय, शिवाय त्याच वेळी Available चा, म्हणजे मोकळ्या रॅमचा, आकडा काहीशे एमबीवर आलाय. असं दिसलं तर रॅम कमी आहे. त्यात वाद नाही.

माझ्या आधीच्या 8 जीबीच्या मशीनवर हे रोज दिसायचं. एका खिडकीत व्हिडिओ कॉल, मागे वीसेक टॅब, एक मोठी स्प्रेडशीट. शीटवर क्लिक केलं की एक-दोन सेकंद पांढरा चौकोन दिसायचा, मग आकडे यायचे. 16 केल्यावर तो पांढरा चौकोन गेला तो गेलाच. पुढे हाव सुटली म्हणून 32 केली (हो, मीही त्याच वाटेने गेलोय). शीट तशीच उघडायची. फोटोंचा मोठा गठ्ठा एक्सपोर्ट करायला घड्याळ लावून तितकीच मिनिटं लागली, कारण ते काम प्रोसेसरवर अडलेलं होतं आणि 16 वर असतानाही पाच जीबी मोकळे पडून होते.

आता तुमच्या गेमकडे येतो.

वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही असं तुम्ही लिहिलंय, आणि सगळी मेख तिथेच आहे. वेगळ्या कार्डावर त्याची स्वतःची वेगवान मेमरी असते. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला ती नसते. ते तुमच्याच रॅममधून टेक्स्चर, म्हणजे गेममधल्या वस्तूंवर चढवायची चित्रं, वाचतं आणि प्रत्येक फ्रेम रॅममध्येच लिहितं. म्हणजे गेम चालू असताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच नळाला तोंड लावून बसलेले असतात. अशा वेळी टाकी किती मोठी यापेक्षा नळ किती जाड हे महत्त्वाचं ठरतं.

नळाची जाडी स्टिकच्या संख्येवर ठरते. डीडीआर4 ची 3200 वेगाची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त 25.6 जीबी वाहून नेते. दोन स्टिक दोन वेगळ्या चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन वेगळ्या वाटांवर, बसल्या की तोच आकडा 51.2 होतो. लॅपटॉपमध्ये दोनच खाचा असतील तर दुसरी स्टिक बसवताच हे आपोआप होतं. तुमच्याकडे आधी एकच स्टिक होती, म्हणजे ग्राफिक्स इतके दिवस अर्ध्या नळावर चालत होतं. तुम्ही क्षमता दुप्पट केलीत आणि त्याच हाताने नळही दुप्पट झाला. फायदा झाला नळाचा, श्रेय गेलं टाकीला. पहिल्यापासून 8 च्या दोन स्टिक असत्या तरी गेम जवळपास असाच चालला असता.

यावर "हे तुमचं अनुमान" असं तुम्ही म्हणाल, आणि म्हणायलाच हवं. पण पडताळणी तुमच्याच हातात आहे, स्क्रू खोलायचीही गरज नाही. दोन्ही स्टिक जागेवर राहू द्या आणि विंडोजला सांगा की 16 जीबीच्या पुढची रॅम वापरू नकोस. दोन्ही चॅनेल चालू राहतात, फक्त क्षमता कमी होते. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि हे द्या:

```
bcdedit /set truncatememory 0x400000000
```

मग रीस्टार्ट करा. ड्राइव्हला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डेटाला लावलेलं कुलूप, असेल तर रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा, बूटच्या सेटिंगला हात लावला की ती कधीकधी मागितली जाते. सुरू झाल्यावर टास्क मॅनेजरच्या Memory पानावर Hardware reserved मध्ये मोठा आकडा दिसेल, ती बाजूला पडलेली रॅम. पत्त्यांचा काही भाग इतर हार्डवेअरसाठी राखलेला असल्याने विंडोजच्या हाती 16 पेक्षा थोडी कमीच लागेल. म्हणजे ही परीक्षा माझ्या दाव्याला जरा जास्तच कडक आहे, चालेल.

आता तोच गेम, त्याच जागी, त्याच सेटिंगवर दहा मिनिटं खेळा. Win+G दाबलं की फ्रेमचा आकडा दाखवणारी छोटी खिडकी मिळते, ती स्क्रीनवर अडकवून ठेवा. पूर्ण 32 वर आणि या कापलेल्या रॅमवर, दोन्हीकडचे आकडे लिहून घ्या. झालं की पूर्ववत करा:

```
bcdedit /deletevalue truncatememory
```

आणि पुन्हा रीस्टार्ट. आकडे सारखे आले तर 32 चा त्या गेमशी संबंध नव्हता. कापल्यावर गेम मधेच अडखळायला लागला आणि Available तळाला गेलं, तर तुमचा गेम खरंच 16 च्या बाहेर जातोय. तसं निघालं तर मी लेखात तुमच्या उदाहरणासकट दुरुस्ती करेन.

वेगळं कार्ड असलेल्या वाचकांनी यावरून घाईने दुसरी स्टिक आणू नये, त्यांना इतका फरक दिसत नाही. त्यांची टेक्स्चर कार्डावरच्या मेमरीत असतात.

आता 16 हा आकडा कशाच्या जोरावर. ब्राऊजर, ऑफिसची कामं, व्हिडिओ कॉल, गाणी, अधूनमधून फोटो, हे सगळं एकाच वेळी उघडं ठेवलं तर माझ्या पाहण्यात सात ते दहा जीबीत बसतं. 8 मध्ये ते मावत नाही, म्हणून वर सांगितलेल्या फेऱ्या सुरू होतात. 16 मध्ये मावतं आणि वर थोडी हवा राहते. यात मावलेलं काम 32 मध्ये नेल्याने आणखी जास्त मावत नाही. काही कामं मात्र खरोखर 16 ओलांडतात: व्हर्च्युअल मशीन चालवणं, अँड्रॉइडचा एमुलेटर आणि कोड एडिटर एकत्र उघडे ठेवणं, मोठ्या रिझोल्यूशनचं व्हिडिओ एडिटिंग. ती करणाऱ्याला Hard Faults चा आलेखच 32 घ्यायला सांगतो, माझ्या लेखाची गरज नाही. ज्यांच्या लॅपटॉपची रॅम बोर्डावर पक्की जोडलेली असते त्यांना मात्र पुढे वाढवता येत नाही. त्यांनी घेतानाच एक पायरी वरची घेतली तर मी त्यांना उधळे म्हणणार नाही.

एक राहिलं. रॅम जास्तीत जास्त किती भरते हे बघायचं असेल तर सगळी नेहमीची कामं उघडून, दिवसभर वापरून, संध्याकाळी Available बघा. सकाळी मशीन सुरू केल्याबरोबर दिसणारा आकडा कुणाच्याच बाजूने साक्ष देत नाही. तुमचा लॅपटॉप स्टिक टाकण्याआधी बरेच दिवस नुसता झाकण मिटून ठेवला जात होता का, हेही आठवून बघा. तसं असेल तर नुसत्या रीस्टार्टनेही थोडा हलका वाटला असेल.

गेमचे दोन्ही आकडे आणि गेमचं नाव इथेच खाली टाका. 16 वर कापलेला आकडा आधी टाकलात तर जास्त मजा येईल.