लाल पेनचे गोल आणि न दिसलेली फिट

"ईईजीचा रिपोर्ट आता घरीच वाचा! उंच, टोकदार लाटा म्हणजे फिट, बारीक लाटा म्हणजे नॉर्मल. सेकंदात तीन लाटा मोजल्या की पक्कं. मुलांना जोरजोरात श्वास घ्यायला लावून मुद्दाम फिट आणतात, नकार द्या. रिपोर्ट नॉर्मल आला की गोळ्या बंद. टोक दिसलं तर फिटची कोणतीही गोळी चालते. सर्व पालकांना पाठवा."

तासगावकडच्या द्राक्षवाल्यांच्या ग्रुपवर, दावण्याच्या फवारणीच्या दोन मेसेजच्या मध्ये हे आलं. तिथून ताईकडे, आणि ताईकडून रात्री साडेदहाला माझ्याकडे. सोबत तिच्या आठ वर्षांच्या लेकीच्या ईईजीचे तीन फोटो, त्यातल्या दोनांवर लाल पेनने गोल केलेले. हा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लाटांची नोंद, सांगलीत मीच काढलेला. डोक्यावर टेपने मापं घेऊन, पेस्ट लावून, एकेक वायर मी चिकटवली. आणि ही मलाच विचारते, "अरे, एवढी टोकं दिसत्यात, तुला कशी दिसली नाहीत?"

रिपोर्ट डॉक्टर देतात, मी टेक्निशियन. पण वीस वर्षं रोज हेच बघतोय, त्यामुळे एवढं तरी बोलू शकतो.

पहिला गोल ताईने केलाय तो P3-O1 आणि P4-O2 या चॅनेलच्या रेघांवर. म्हणजे डोक्याच्या मागच्या भागातली नोंद. आमच्या पानावर दर सेकंदाला एक उभी रेघ असते, एका पानात दहा सेकंद. दोन रेघांच्या मध्ये मोजलं तर नऊ लाटा, एकीसारखी दुसरी, माळेत ओवल्यासारख्या. वर माझीच नोंद आहे, "डोळे मिटले". हा अल्फा ऱ्हिदम. जागा माणूस डोळे मिटून शांत पडला की मेंदूच्या मागच्या बाजूला सेकंदाला आठ ते तेराच्या वेगाने तो येतो. या वयात नऊ म्हणजे छान. काहींचा अल्फा वरच्या बाजूला टोकदारच असतो, कुंपणाच्या काठ्यांसारखा. तो फिटचा नसतो. खात्री करायची तर चार सेकंद पुढे बघायचं. तिथे लिहिलंय "डोळे उघडले", आणि माळ तिथेच विरघळून सपाट झालीय. डोळे मिटल्यावर परत हजर. स्पाइक-अँड-वेव्हला, म्हणजे फिटच्या टोक आणि संथ लाटेच्या जोडीला, तुमचे डोळे उघडल्याशी एवढं इमानदारीचं नातं नसतं.

आता उंचीचं बघू, कारण या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य ते आहे. कागदावरची उंची मेंदूची नसते, सेटिंगची असते. रेडिओचा आवाज कमी-जास्त करावा तशी आम्ही सेन्सिटिव्हिटी बदलतो. नेहमीची सात, म्हणजे सात मायक्रोव्होल्टला एक मिलिमीटर. भाचीचा अल्फा साधारण ऐंशी मायक्रोव्होल्टचा, म्हणजे कागदावर अकरा मिलिमीटर. ताईला तो उंच वाटला. दोन पानांनंतर खरीखुरी स्पाइक-अँड-वेव्ह आहे, सव्वातीनशे मायक्रोव्होल्टच्या वर. ती सातवर छापली असती तर एका चॅनेलच्या रेघा चार-पाच सेंटिमीटर उसळून शेजारच्या चॅनेलमध्ये घुसल्या असत्या, काही वाचताच आलं नसतं. म्हणून ती पानं मी तीसवर काढली. हिशेब करा, तिथेही अकराच मिलिमीटर. ताईने त्या पानाला हातच लावला नाही. म्हणजे मेसेज वाचून तिने निरोगी लाटांना गोल केला आणि फिटचं पान बाजूला ठेवलं. मोबाइलच्या फोटोत तर झूम केल्यावर कोपऱ्यातला तो सेटिंगचा आकडाही कापला जातो.

मग ओळखायचं कसं? इंटरनॅशनल फेडरेशन ऑफ क्लिनिकल न्यूरोफिजिऑलॉजीने 2017 साली सहा खुणा दिल्यात. लाटेला टोक हवं आणि ती दोन-तीन वळणांची हवी. तिचा काळ आजूबाजूच्या लाटांपेक्षा वेगळा हवा. चढ आणि उतार सारखे नकोत. मागून एक संथ लाट यायला हवी. पाठीमागची लय तिच्यामुळे मोडायला हवी. आणि ती डोक्यावर अशा जागी पसरलेली हवी, की उगम मेंदूतच आहे हे पटावं, पापणीत किंवा सुटलेल्या वायरीत नाही. सहांत उंचीचं नावसुद्धा नाही. अल्फाचं टोक यात नापास होतं, कारण त्याच्या शेजारची लाट त्याच्यासारखीच असते आणि लय मोडत नाही, उलट तीच लय असते.

सेकंदात तीन, हे मात्र हवेतलं नाही, मानावं लागेल. 1935 साली बोस्टनमध्ये गिब्स, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी, मूल क्षणभर हरवल्यासारखं बघत राहतं त्या फिटमध्ये, सेकंदाला तीनच्या वेगाने येणारी ही जोडी नोंदवली. पण सेकंदाला तीन म्हणजे जोड्या तीन, एक टोक आणि त्यामागे एक घुमट. नुसत्या तीन लाटा तर ताईच्या दुसऱ्या गोलातही आहेत. तो भाग जोरात श्वास घ्यायला लावल्यानंतरचा. लहान मुलांना असं फुंकायला लावलं की लाटा हळूहळू संथ आणि मोठ्या होत जातात, सेकंदाला पाच, चार, तीन. त्यात टोक नसतं, आणि फुंकणं थांबवल्यावर त्या हळूहळूच ओसरतात. हे मुलांमध्ये नॉर्मल आहे.

आता ते न गोल केलेलं पान. फुंकायला लागून दोन मिनिटं एकतीस सेकंद. आधीच्या लाटा चढत होत्याच, पण इथे एका क्षणात सगळी चॅनेल एकत्र उठली, कपाळामागच्या F3 आणि F4 पाशी सगळ्यात जोरात. टोक, घुमट, टोक, घुमट, सेकंदाला तीन. सात सेकंदांनी सुरीने कापल्यासारखं बंद. भाची त्या वेळी फुंकायची थांबली होती आणि पापण्या फडफडत होत्या. मी लगेच म्हटलं, "आंबा." सात सेकंद झाल्यावर विचारलं, "मघाशी मी काय म्हटलं?" ती म्हणाली, "काय नाही म्हटलं मामा." शाळेत बाई म्हणतात ती लक्ष देत नाही, ते हे असं.

म्हणून फुंकायला लावतात. तीन मिनिटं, आमच्यासमोर, गादीवर झोपवून. या प्रकारची फिट असलेल्या बहुतेक मुलांत ती इथेच पकडली जाते. दमा, हृदयाचा त्रास असेल तर आम्हीच करत नाही.

नॉर्मल रिपोर्टचं थोडक्यात. वीस-तीस मिनिटांच्या नोंदीत लाटा पकडल्या नाहीत म्हणजे आजार नाही असं होत नाही. गोळी बंद करायचा निर्णय कागदावर होत नाही.

"फिटची कोणतीही गोळी चालते" या वाक्याने मात्र माझं डोकं फिरलं. ताईने शेजारच्या काकूंकडून उरलेली पट्टी आणून ठेवली होती. फोटो मागवला तर कार्बामाझेपिन. शरीराच्या एका बाजूने सुरू होणाऱ्या फिटला चांगलं औषध, पण भाचीसारख्या फिटमध्ये ते झटके वाढवू शकतं. दिवसाला दहा वेळा हरवणारी पोरगी पन्नास वेळा हरवली असती, आणि दोष आम्ही ईईजीला दिला असता.

पट्टी परत गेली. लाल गोलांचा कागद फाईलमध्ये तसाच होता. परवा डॉक्टरांनी तो उचलला, दोन्ही गोल बघितले, मग शेवटचं पान काढून ताईला म्हणाले, "हे राहिलं की."