किटलीभोवतीची पांढरी झालर: एका प्रतिक्रियेला जरा लांबलेलं उत्तर

आलेली प्रतिक्रिया:

«काका, फोटोतून कापलेल्या वस्तूभोवतीची पांढरी कड घालवायला मास्क दोन पिक्सेल आत ओढा, हा तुमचा उपाय म्हणजे नखुरडं झालं म्हणून बोट छाटण्यासारखं आहे. कडेच्या पिक्सेलमध्ये मागचा रंग मिसळलेला असतो आणि तो गणिताने वजा करता येतो. फोटोशॉपचं Remove White Matte हे एका क्लिकमध्ये करतं. गामाबद्दल लेखात अवाक्षर नाही. चित्रं इतकी लहान की काही दिसत नाही. आधी मुळातलं समजून घ्या, मग शिकवा.»

माझं उत्तर:

काका म्हणालात त्याचं काही नाही, केस पांढरे झालेच आहेत. पण "आधी समजून घ्या, मग शिकवा" हे वाक्य घरी आरशासमोर म्हणून बघायला हवं होतं. मी शिकवत नाही. माझं काम मी कसं करतो ते लिहितो, ज्याला पटेल त्याने घ्यावं. आणि बोट छाटण्याची उपमा द्यायच्या आधी लेखाचा दुसरा परिच्छेद वाचला असता, तर दिसलं असतं की तो उपाय टणक कडेच्या वस्तूंसाठी आहे, केसांसाठी आणि लोकरीसाठी नाही, हे मी तिथेच लिहिलं आहे.

एक चूक मात्र माझी. "दोन पिक्सेल" लिहिताना चित्र किती मोठं ते सांगायचं राहिलं. पाच-सहा हजार पिक्सेल रुंदीच्या मूळ फोटोत दोन पिक्सेल गेले तर कुणाला कळत नाही. सहाशे पिक्सेलच्या चित्रात चार पिक्सेल जाडीची तार असेल तर दोन्ही बाजूंनी दोन-दोन आत ओढल्यावर तारच उरत नाही. लेखात दुरुस्ती केली आहे. हे मान्य, पुढचं नाही.

त्या "एका क्लिक"कडे येतो. तुमची सगळी मदार त्याच्यावर आहे आणि नेमकं तेच कच्चं आहे.

गणित मलाही ठाऊक आहे, त्यात गुपित काही नाही. कडेच्या पिक्सेलचा दिसणारा रंग C, वस्तूचा खरा रंग F, मागचा रंग B आणि त्या पिक्सेलचा जेवढा भाग वस्तूने व्यापलाय तो α. मिश्रण उलगडलं की हे उरतं:

```
F = (C - (1 - α) * B) / α
```

लेखातलीच गडद निळी किटली घ्या. तिचा रंग लाल, हिरवा, निळा या क्रमाने 30, 50, 110. मागे कागद होता, तो डोळ्यांना पांढरा दिसत होता, पण आयड्रॉपरने मोजला तर 232, 228, 220. पांढरा कागद फोटोत 255 क्वचितच येतो. त्याच्यावर सावली असते, दिव्याचा पिवळेपणा असतो. आता α अर्धा असलेला कडेचा एक पिक्सेल बघा. त्यात निम्मी किटली, निम्मा कागद, म्हणजे रंग 131, 139, 165. मास्क बरोबर असला तरी हा रंग तसाच राहतो. किटली 20, 20, 20 अशा जवळजवळ काळ्या पानावर ठेवली की तिथे 76, 80, 93 दिसतं. यायला हवं होतं 25, 35, 65. लाल आणि हिरव्याचे आकडे बघा: किटलीपेक्षाही उजळ, पानापेक्षाही उजळ. दोन गडद रंगांच्या मध्ये दोघांपेक्षा उजळ रेघ आली, तर ती मागच्या पांढऱ्याची उरलेली झालर, हे ओळखायला सूत्र लागत नाही.

आता तुमचा क्लिक. Remove White Matte मागचा रंग शुद्ध पांढरा, 255, 255, 255 होता असं धरून चालतं. त्या गृहीताने वरचीच वजाबाकी करा, उत्तर येतं 7, 23, 75. खरा रंग होता 30, 50, 110. काळ्या पानावर ही चूक लपते, म्हणून क्लिक केल्यावर तुम्हाला समाधान वाटलं असेल. तीच किटली फिकट पिवळ्या पानावर ठेवा. कुणीतरी काळ्या पेनाने बाह्यरेषा गिरवल्यासारखी दिसेल. आणखी बाहेरच्या पिक्सेलला, जिथे α 0.2 आहे, तिथे वजाबाकी तिन्ही रंगांत शून्याच्या खाली जाते आणि निखळ काळं उरतं. पांढरी झालर गेली, काळी आली.

"मग B नीट मोजून घाला," असं तुम्ही म्हणाल. घालतो. किटलीला B = 232, 228, 220 दिलं की 30, 50, 110 अगदी बरोबर परत मिळतं. कागदावर. प्रत्यक्षात मागचा रंग एक नसतो. कागद खाली उजळ, वर काळवंडलेला, त्यात नॉइज. B मध्ये तीनच पातळ्यांची चूक झाली तर α 0.5 ला उत्तरात तीनचीच चूक येते, पण α 0.2 ला बाराची आणि 0.1 ला सत्तावीसची. पिक्सेल जितका विरळ, तितकं त्या भागाकाराने चुकीचं बोट मोठं होतं. (बोटांचा विषय तुम्हीच काढलात.)

आणि तुमच्या प्रतिक्रियेत ज्याचा मागमूसही नाही ती गोष्ट अजून पुढे आहे. किटलीच्या फोटोत झालर फक्त अर्धवट पिक्सेलपुरती नव्हती. एक-दोन पिक्सेल आत, जिथे मास्क पूर्ण पांढरा, म्हणजे α 1 आहे, तिथेही कड फिकटलेली होती. कारण फाइल जेपेग होती. बहुतेक जेपेगमध्ये उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवतात, पण रंगाची माहिती दोन बाय दोनच्या चौकटीला मिळून एकच. म्हणजे कागदाचा फिकट रंग किटलीच्या हद्दीत शिरतो आणि किटलीचा निळा कागदात. आता सूत्रात α = 1 घाला. F = C. काहीही वजा होत नाही. तुमचं गणित तिथे हात जोडून उभं राहतं. मागच्या कागदाचा उजेड चकचकीत अंगावर पडून आलेली फिकट पट्टी असेल, तरी तेच. ती वस्तूवरच पडलेली आहे, वजाबाकीत तिचं नावच नाही.

म्हणून मी कड आत ओढतो. पळवाट म्हणून नव्हे. ज्या पिक्सेलचा रंग विश्वासाचा नाही तो सोडून देणं आणि त्याच्या आतल्या भरवशाच्या पिक्सेलपासून कड पुन्हा धरणं, एवढंच ते आहे. वस्तू बारीक असेल आणि सोडायला जागा नसेल, तर रंग बदलायचा, कड नाही. वस्तूच्या लेयरवर नवा रिकामा लेयर, क्लिपिंग मास्क करून. Alt दाबून कडेपासून पाच-सहा पिक्सेल आतला रंग उचलायचा आणि मऊ ब्रशने कडेवरून फिरवायचा. झालर फक्त रंगाची असेल तर मोड Color, उजळपणाही बिघडला असेल तर Darken. किटलीच्या कानाला मी असंच केलं, पोटाला एक पिक्सेल आत ओढलं. Layer > Matting > Defringe हेही मूलतः तेच करतं, आतला रंग कडेपर्यंत ताणतं. एकरंगी वस्तूवर छान चालतं. आत नक्षी असेल तर नक्षीचेही ओघळ काढतं, म्हणून मी हात वापरतो.

केसांना मात्र तुमची वजाबाकीच लागते, मागे मोजलेला खरा रंग घालून. तिथे आत ओढलं तर केसच जातात. बघा, तुमचं जे बरोबर आहे ते मी नाकारत नाही.

हे शिकायला मला कुणी प्रतिक्रिया टाकावी लागली नाही. एकवीस वर्षं वस्तू कापतोय. सुरुवातीच्या वर्षात एकाने भांड्यांच्या साडेतीनशे फोटोंचं काम दिलं होतं. मी सगळे कापले, प्रत्येक फोटो पांढऱ्यावर तपासला आणि दिला. छापताना त्यांनी पानाचा रंग बदलून गडद तपकिरी केला. प्रत्येक भांड्याभोवती खडूने काढल्यासारखी रेघ. सगळे परत आले. पांढऱ्यावर पांढरी झालर दिसत नाही, हे वाक्य तेव्हापासून मी पुस्तकातून नव्हे, तीन रात्रींच्या जागरणातून ओळखतो. तेव्हापासून कापलेल्या वस्तूखाली मी तीन रंगीत लेयर ठेवतो, काळा, पांढरा आणि भडक गुलाबी, आणि आलटून पालटून बघतो. काळ्यावर उजळ रेघ दिसते आणि पांढऱ्यावर लोपते, तर ती मागच्या पांढऱ्याची. एका बाजूला जांभळी आणि समोरच्या बाजूला हिरवी दिसते, तर ती भिंगाची. तिथे कापायच्या आधीच मूळ फोटोत दुरुस्ती करायची, नंतर मास्कशी झगडून उपयोग नाही. कडेच्या बाहेर उजळ आणि लगेच आत गडद अशी जोडरेघ असेल, तर कुणीतरी कापायच्या आधी शार्पन केलंय. या तिन्हीला तुमचा एकच क्लिक लावलात तर काय होईल, ते मी लिहीत नाही, तुम्ही करून बघा.

गामाचं म्हणाल, तर भिंगात मिश्रण सरळ उजेडाचं होतं आणि फाइलमधले आकडे वाकवलेले असतात, हे खरं. पण फोटो एकदा लहान केला की बहुतेक सॉफ्टवेअर ते मिश्रण वाकवलेल्या आकड्यांवरच करतं, आणि किटलीचा फोटो लहान केलेलाच होता. त्यासाठी वेगळा लेख लागेल. इथे त्याने निकाल बदलत नाही.

चित्रं लहान आहेत, हो. दुप्पट मोठी करून कानाच्या कडेचा तुकडा आज रात्री टाकतो, काळ्या आणि पिवळ्या अशा दोन्ही पानांवर, तुमच्या क्लिकसकट. प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. फक्त पुढच्या वेळी "काका"नंतर "नमस्कार" लिहायला हरकत नसावी.