व्हेरिएबल ‘मिळतंच’ म्हणणाऱ्यांसाठी थोडा हिशोब

“दोन ऑफर असतील तर डोळे झाकून जास्त सीटीसीवाली घ्या. व्हेरिएबलचं काय, काम नीट केलं की शंभर टक्के मिळतंच. वर एकरकमी हातात येतं आणि टॅक्सही कमी बसतो.”

हा फॉरवर्ड मला एकाच आठवड्यात तीन ग्रुपवर आला आणि नेमका तेव्हाच माझा मावसभाऊ दोन ऑफर लेटरं घेऊन घरी बसलेला, त्यामुळे कागद-पेन काढलंच. दोन्ही कंपन्या पुण्यातल्याच. पहिलीची ऑफर 16 लाख फिक्स्ड आणि 1 लाख व्हेरिएबल, म्हणजे 17. दुसरीची 13 लाख फिक्स्ड आणि 6 लाख व्हेरिएबल, म्हणजे 19. फॉरवर्डच्या हिशोबाने दुसरीच घ्यायची, विषय संपला.

आता ‘काम नीट केलं की’ हे बघू. बऱ्याच कंपन्यांत व्हेरिएबल म्हणजे दोन आकड्यांचा गुणाकार असतो, एक तुमच्या रेटिंगचा आणि एक कंपनीच्या किंवा युनिटच्या निकालाचा. तुम्ही जीव तोडून काम केलंत, तुमचे 100 टक्के झाले, पण युनिटचे 75 आले तर मिळणार 75च. रेटिंग 90 आणि युनिट 80 असेल तर लोक मनात सरासरी काढतात 85, प्रत्यक्षात येतात 72. आणि हे फक्त छोट्या कंपन्यांत होतं असं नाही, 2022 च्या जून तिमाहीला इन्फोसिसने व्हेरिएबल सरासरी 70 टक्क्यांच्या आसपास आणलं होतं, पेपरात छापून आलेलं आहे. त्या तिमाहीत पोरं काय झोपा काढत होती का?

पण खरी गंमत तारखांमध्ये आहे आणि तिकडे कोणी बघतच नाही. भाऊ जॉइन होणार ऑक्टोबरच्या सुरुवातीला, दोन्हीकडे सायकल एप्रिल ते मार्च आणि पैसे येतात जूनमध्ये. म्हणजे पहिल्या सायकलमध्ये त्याचे सहाच महिने धरले जाणार, दुसरीचं 6 लाखांचं टार्गेट त्या वर्षी 3 लाखच. सगळं शंभर टक्के आलं तरी पहिल्या बारा महिन्यांत दुसरीकडे हातात 16 लाख आणि पहिलीकडे साडेसोळा. 19 वाली ऑफर पहिल्या वर्षी 17 वालीच्या मागे, तेही सगळं छान झालं तर!

दुसऱ्या वर्षी मात्र दुसरी पुढे जाते, हे मान्य करायला पाहिजे, कारण तेव्हा पूर्ण 6 लाखांवर टक्केवारी लागते. पण दोन्ही वर्षं मिळून बघितलं तर दुसरी ऑफर बरोबरीला यायला दोन्ही वेळी किमान 80 टक्के पेआउट लागतो. 70 आला तर दोन वर्षांत पाऊण लाख कमीच. फक्त पूर्ण वर्षाचं गणित मांडलं तर हाच आकडा 60 दिसतो, आणि लोक तोच धरून बसतात.

त्यात लेटरमध्ये बारीक अक्षरात एक ओळ असते, पेआउटच्या तारखेला तुम्ही रोलवर पाहिजे आणि नोटीस पिरियडमध्ये नको. म्हणजे दीड वर्षाने, समजा मार्चअखेरीस, सोडलंत तर सरलेल्या अख्ख्या वर्षाचं व्हेरिएबल गेलं. इथे 6 लाख गेले, पहिल्या कंपनीत एकच गेला असता. शिवाय पुढची नोकरी बघताना एचआर आधी फिक्स्ड विचारतो आणि हाइक बहुतेक वेळा त्यावरच लावतो, हा मार तर कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

टॅक्सचं तर सरळ चुकीचं आहे. व्हेरिएबल हा पगारच, स्लॅब तोच. उलट त्या महिन्यात टीडीएस एवढा कापला जातो की लोक एचआरला फोन करतात. आणि एकरकमीचं म्हणाल तर तोवर दर महिन्याला टॅक्सआधीचे 25 हजार कमी येतात, घरभाडं काही जूनपर्यंत थांबत नाही.

सेल्सवाल्यांची गोष्ट वेगळी, तिथे इन्सेंटिव्ह दर महिन्याला किंवा तिमाहीला येतो, फॉर्म्युला लेखी असतो आणि वर कॅप नसेल तर कमी फिक्स्डवर जाणं शहाणपणाचंही ठरू शकतं. माझा भाऊ टेस्टिंगमध्ये आहे, त्याच्या हातात युनिटचा निकाल नाही.

मग त्याने दुसऱ्या कंपनीच्या एचआरला मेल टाकला, आमच्या ग्रेडला मागच्या तीन वर्षांत किती टक्के मिळालं आणि पहिल्या सायकलचा पेआउट लेटरमध्ये गॅरंटीड लिहून द्याल का. उत्तर आलं की पॉलिसी कॉन्फिडेन्शियल आहे, पण ‘हिस्टॉरिकली व्हेरी गुड’. तिथल्याच एका जुन्या सहकाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला 75, 60 आणि 85. त्याच संध्याकाळी त्याने 17 वाल्यांना होकार कळवला.